एसआयपीच्या पोस्टखाली 'नक्की किती मिळणार?' विचारण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

रविवारी सकाळी मी म्युच्युअल फंडाच्या एसआयपीवर पोस्ट टाकली. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम जाते, बाजार खाली असला की तेवढ्याच पैशांत जास्त युनिट येतात, वर असला की कमी, एवढंच. खाली वितरक म्हणून माझा नोंदणी क्रमांक, म्हणजे एआरएन, आणि ती ओळ: 'म्युच्युअल फंडातील गुंतवणूक बाजारातील जोखमीच्या अधीन आहे, योजनेशी संबंधित सर्व कागदपत्रे काळजीपूर्वक वाचा.' चहा संपायच्या आत शेजारच्या काकांचा फोन. "सगळं ठीक आहे हो, पण टक्का कुठंय? इतकं घाबरून लिहिलंत तर पैसे कोण देणार?" काकांनी एका मंगल कार्यालयातल्या मीटिंगला जाऊन महिना पाच टक्केवाल्याला ३ लाख दिले आहेत, हे त्यांनी त्याच फोनवर अभिमानाने सांगितलं.

तेव्हा माझ्यासारख्या घाबरट माणसाची पोस्ट कशी वाचावी, याचं थोडं मार्गदर्शन.

सर्वप्रथम, शेवटची ओळ वाचू नये. ती छपाईची चूक असते.

फंडाची जोखीम दाखवणारा रिस्कोमीटर म्हणजे शोभेचं घड्याळ. त्यावर 'कमी'पासून 'अति उच्च'पर्यंत सहा पायऱ्या असतात. स्मॉल कॅप फंडाचा काटा शेवटच्या पायरीवर असला, तरी 'तिकडे जोरात वाढतं' असाच अर्थ घ्यावा.

मग आकडा मागावा. मी तो देत नाही, कारण सेबीच्या नियमांत परताव्याची हमी द्यायला मला मनाई आहे, आणि मनाई नसती तरी तो आकडा माझ्याकडे नाही. हे उत्तर तुम्हाला पटणार नाही, म्हणून हिशेबच करू. महिना ५,००० रुपये, २० वर्षं. खिशातून गेले १२ लाख. कॅल्क्युलेटरमध्ये १२ टक्के घाला, सुमारे ५० लाख दिसतील. ८ टक्के घाला, साडेएकोणतीस लाखांच्या आसपास येतील. हप्ता तोच, वर्षं तीच, मधले वीस लाख फक्त माझ्या बोटाने आले. त्या बोटाला तुम्ही 'अनुभवी सल्लागार' म्हणता! (मी सल्लागार नाही, वितरक आहे. कार्डावरही तेच छापलंय. तुम्ही रेग्युलर प्लॅनमधून आलात तर फंड कंपनी मला कमिशन देते, डायरेक्ट प्लॅन घेतलात तर मला दमडी मिळत नाही.) बाजार २० वर्षं सरळ रेषेत १२ टक्क्यांनी चढत नाही. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स २६ हजारांच्या खाली बंद झाला. जानेवारीत तो ४२ हजारांच्या घरात होता. तेव्हा तुमच्यातल्याच कितीतरी जणांनी 'आधी एसआयपी बंद करा' म्हणून मला रात्री अकराला उठवलं. म्हणजे युनिट स्वस्त मिळण्याचा महिना आला आणि तुम्ही दुकानाला पाठ फिरवली. वर्षभराने सेन्सेक्स पन्नास हजारांच्या आसपास गेला, तेव्हा 'आता परत सुरू करू का?' हेही तुम्हीच विचारलंत. जोखीम हा शब्द नुसता वाचायचा नव्हता, तो सोसायचाही होता, आणि तुम्ही दोन्ही केलं नाही.

पैसे कुणाच्या नावावर जातात, हे विचारणं असभ्य समजावं.

काका, खरं सांगू? आता थट्टा होत नाही. महिना पाच टक्के म्हणजे वर्षाला साठ टक्के. असा कुठला धंदा आहे, जो तुम्हाला साठ टक्के देऊन मालकालाही काही उरवतो, आणि तरी त्याला तुमच्या पेन्शनीचे तीन लाख हवे असतात? तुम्हाला दोन वेळा पंधरा-पंधरा हजार आले, म्हणून तुम्ही मला फोन दाखवलात. ते तुमच्याच तीन लाखांतले असू शकतात, हे तुमच्या डोक्यात एकदाही आलं नाही? माझ्याकडे एसआयपी केलीत तर पैसे तुमच्या बँकेतून मँडेटने थेट फंडाकडे जातात, माझ्या खात्यात एक रुपया येत नाही. त्याला मात्र तुम्ही निम्मे रोख दिलेत, निम्मे त्याच्या वैयक्तिक खात्यावर, आणि बदल्यात 'बाँड' म्हणून शंभर रुपयांचा स्टॅम्प पेपर घेऊन आलात. धोका आहे असं लिहिणारा मी घाबरट, आणि धोका लपवणारा तो दिलदार!

आज दुपारी तो स्टॅम्प पेपर कपाटातून काढा. त्यावर सेबीचा किंवा रिझर्व्ह बँकेचा नोंदणी क्रमांक आहे का ते शोधा, आणि असला तर त्यांच्या वेबसाइटवर तपासा. नसला, तर उद्या सकाळी मुद्दल मागायला जा, काकूंना बरोबर न्या. तो "पुढच्या महिन्यात बघू" म्हणाला, तर वाट बघत बसू नका, पोलिसांत तक्रार द्या. मी येतो बरोबर. वाटेत टक्का विचारलात, तर मात्र रिक्षातून उतरेन.