राजहंसगडाच्या क्लिपवर आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: «डोंगर एवढा निळाकाळा कधी दिसतो? डीहेझचा स्लायडर शंभरला नेऊन ठेवलाय, कडेला पांढरी झालर उमटलीय ती बघा. ही प्रेक्षकांची फसवणूक आहे. पोलरायझर लावला असता तर ही वेळच आली नसती. आवाज भयंकर, लेख लांबलचक. कॅमेरा घेतला की सगळ्यांनाच शिकवावंसं वाटतं. – एक निपाणीकर»

नमस्कार निपाणीकर,

आवाजाचं मान्य. गडावर वारा होता, माइकला कापूस लावला नव्हता आणि ते ऐकायला त्रासदायकच आहे. पुढच्या वेळी काळजी घेईन.

पण ‘फसवणूक’ हा शब्द तुम्ही कुठल्या अधिकारानं वापरलात? मी येळ्ळूरचा. राजहंसगड आमच्या शिवाराच्या डोक्यावर उभा आहे आणि जांबोटीच्या बाजूचा डोंगर सकाळी, दुपारी, पावसाआधी आणि सुगीत कसा दिसतो हे मी लहानपणापासून बघत आलोय. पुढे बेळगावात एका लग्नाच्या स्टुडिओत टेपच्या काळापासून एडिटिंग केलं, त्यावर घर चालवलं. नाव न सांगता लिहिणाऱ्या माणसानं मला ‘कॅमेरा घेतला की’ वगैरे ऐकवावं, हे मला लागलं. चूक दाखवा, मी ऐकेन. पण ही बोलायची रीत नव्हे.

आता डीहेझचा, म्हणजे धुरकट कमी करणाऱ्या साधनाचा, स्लायडर शंभरला नेला, या तुमच्या वाक्याकडे येतो. बाकी आरोप त्यावरच उभे आहेत.

ती क्लिप डिसेंबरातल्या सकाळची. भाताची मळणी चाललेली, धूळ आणि धूर खालच्या थंड हवेत अडकलेला. अशा वेळी दूरच्या डोंगराचा प्रकाश आपल्यापर्यंत येताना वाटेत कमी होतो आणि त्याच वाटेवर उन्हाचा विखुरलेला प्रकाश त्यात मिसळतो. अंतर जितकं जास्त तितकी ही भर जास्त. म्हणून डोंगराचा काळा काळा राहत नाही, क्षितिजावरच्या आभाळाच्या रंगाकडे सरकतो. जर्मन शास्त्रज्ञ कोशमीडर यांनी 1924 मध्ये याचं गणित मांडलं आणि डीहेझची बरीचशी साधनं आजही त्याच विचारावर चालतात.

डेव्हिंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये पॅरेड, म्हणजे तांबडा, हिरवा आणि निळा यांचा उजेड वेगवेगळा दाखवणारा आलेख, उघडल्यावर त्या क्लिपमध्ये हे दिसत होतं: गडाच्या तटाची सावली 60 च्या आसपास, समोरच्या डोंगराचं सगळ्यात गडद रान 400 च्या आसपास, त्यामागची रांग 600 च्या वर आणि क्षितिजाजवळचं आभाळ 700. मोजपट्टी 0 ते 1023 ची. जवळचं आणि दूरचं रान मुळात साधारण सारखंच गडद असतं; मधला सगळा फरक हवेनं घातलेला.

इथे कॉन्ट्रास्ट नुसता ओढला तर काय होतं? रिझॉल्व्हचा पिव्हट, म्हणजे कॉन्ट्रास्ट ओढला तरी जागेवर राहणारा उजेड, मुळात 0.435 वर असतो, म्हणजे या पट्टीवर साधारण 445. त्याच्या वरचं सगळं उजळ होतं, खालचं गडद. म्हणजे 600 वर बसलेली मागची रांग आणखी पांढरी होणार आणि तटाची सावली काळी ठिक्कर पडणार. धुरकट हटवायला गेलेल्या पुष्कळ जणांची क्लिप इथेच बिघडते, आणि मग ते डीहेझ वाढवत बसतात.

मी पिव्हट आभाळाच्या आकड्यावर, 0.68 च्या जवळ नेला. आता आभाळ जागेवर राहतं आणि त्याच्या खालचं सगळं त्याच्यापासून दूर ओढलं जातं. धुरकट पूर्ण काढायचं तर समोरच्या डोंगराला कॉन्ट्रास्ट 2.2 च्या आसपास लागला असता. मग 400 चं रान थेट 40 वर आलं असतं, तटाच्या सावलीहूनही काळं. मी 1.5 वर थांबलो. रान 250 च्या आसपास आलं आणि अंतर अंतरच राहिलं. (गॅमामुळे हा हिशोब ढोबळ आहे, पण दिशा बरोबर.) डीहेझ त्यानंतर, चिमूटभर. शंभर कुठून आणलंत?

हे सगळं मी डोंगराच्या रेषेवर विंडो, म्हणजे बदलाची हद्द, काढून, कडा मऊ ठेवून, पॅनबरोबर ट्रॅक करून केलं. तट आणि समोरचं गवत बाहेर ठेवलं, कारण तिथे धुरकटच नव्हतं. मागच्या रांगेला मुद्दाम हात लावला नाही. तिला सहापट ताण द्यावा लागला असता आणि नॉइजही तेवढाच फुगला असता. शिवाय क्लिप आठ बिटची. त्या रांगेतला सगळा उजेड-अंधार 600 ते 640 मध्ये, म्हणजे आठ बिटच्या जेमतेम दहा पायऱ्या. कितीही ताणा, पायऱ्या दहाच राहणार. डोंगराऐवजी पट्टे दिसतील.

तुमची झालरही बघितली. डीहेझनं येणारी झालर रुंद आणि मऊ असते. ते साधन धुरकटाचा अंदाज चित्राच्या लहान-लहान तुकड्यांवरून घेतं आणि कड्याच्या रेषेवर एकाच तुकड्यात आभाळही येतं, डोंगरही येतो. तिथे अंदाज चुकतो आणि कड्याच्या वर उजळ पट्टा पसरतो. माझ्या क्लिपमध्ये एक-दोन पिक्सेलची कडक पांढरी रेघ आहे, आणि ती मूळ फाइलमध्येही आहे. ते कॅमेऱ्यातलं शार्पनिंग. कॉन्ट्रास्ट वाढला की ती रेघ जास्त उठून दिसते, तेवढं खरं. ओळखायचं असेल तर दोनशे टक्क्यांवर मोठं करा आणि सगळे नोड, म्हणजे आपण केलेले बदल, बंद करून बघा: रेघ राहिली तर कॅमेऱ्याची, गेली तर आपली.

निळ्याचंही कारण आहे. बारीक कणांच्या धुरकटात निळा प्रकाश जास्त विखुरतो, म्हणून पॅरेडमध्ये डोंगराचा निळा भाग तांबड्यापेक्षा जवळजवळ शंभरानं वर होता. कॉन्ट्रास्ट दीडपट केला की हे अंतरही दीडपट होतं. मी निळ्याची लिफ्ट, म्हणजे गडद भागातली पातळी, खाली घेऊन ते पुन्हा मूळच्या जवळ आणलं. त्याखाली नेलं नाही. नेलं असतं तर डोंगर मातकट दिसला असता आणि जांबोटीचं रान मातकट नाही. तुम्हाला तो निळाकाळा वाटला असेल, पण डिसेंबरात एकदा सकाळी गडावर उभे राहून बघा.

पोलरायझरचं म्हणाल, तर लेन्सवरचा तो फिल्टर सूर्याशी काटकोनात बघताना कामाला येतो. सकाळची वेळ, कॅमेरा पश्चिमेला, सूर्य पाठीशी. त्या दिशेला तो लावून उजेड घालवण्यापलीकडे फारसं काही मिळत नाही. सल्ला देण्याआधी दिशा तरी विचारायची होती.

चोर्ला घाटातल्या पावसाळी धुक्याचा शॉट मी तसाच का ठेवला, हे कुणी विचारलं नाही, तरी सांगतो. तिथे पाण्याचे थेंब मोठे, सगळे रंग सारखेच विखुरतात, आणि पॅरेडमध्ये दरीच्या जागी तिन्ही रंगांची एकच सपाट रेघ होती. दरीचा प्रकाश कॅमेऱ्यात पोचलाच नव्हता. जे आलंच नाही ते कुठला स्लायडर काढणार? फसवायचं असतं तर तिथेच काहीतरी रंगवून ठेवलं असतं.

लेख लांब वाटला तर वाचू नका. मूळ क्लिप लेखाखाली ठेवतो. ती उघडा, पॅरेडमधले आकडे बघा आणि तुम्ही पिव्हट कुठे ठेवाल, कॉन्ट्रास्ट किती घ्याल ते लिहा. त्यावर बोलायला मी केव्हाही तयार आहे.