घास अडकलाय, तहान लागलेली नाही

"जेवताना घास अडकला तर आधी पाणी पाजा. हात वर करायला सांगा. तरीही नाही गेला तर बोट घालून काढा. बेशुद्ध पडल्यास कांदा हुंगवा. हॉटेलवाल्यांनी जरूर शेअर करा."

माझा भाचा डायनिंग हॉलमध्ये वेटर आहे. त्याच्या कॅप्टननं हे स्टाफच्या ग्रुपवर टाकलंय, 'सर्वांनी पाठ करा' म्हणून! मी स्वतः अनेक वर्षं कॅप्टनकी केली आहे, त्यामुळे गप्प बसवत नाही.

आधी पाण्याचं. साधा ठसका लागला, माणूस खोकतोय, बोलतोय, तर खोकू द्या. ठसका शमल्यावर घोटभर पाणी दिलं तर बिघडत नाही. एवढंच काय ते खरं. पण श्वासनलिकाच बंद झाली असेल तर पाणी जाणार कुठं? गिळता येत नाही, आणि श्वासासाठी धडपडताना तेच पाणी आत ओढलं जातं. हवा पूर्ण बंद झाली की चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. ती मिनिटं ग्लास भरण्यात घालवायची?

आमच्याकडे एक गृहस्थ मटणाचा तुकडा खाता खाता उठून वॉशरूमकडे निघाले. लाजेनं असे उठणारे बरेच असतात, त्यांना एकटं सोडायचं नाही. मी विचारलं, "घास अडकलाय का?" नुसती मान हलली, आवाज नाही. एक पोरगा पाणी घेऊन धावला, त्याला बाजूला सारलं. त्यांना पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेनं पाच जोरदार थापा दिल्या. सुटलं नाही. मग मागून कवेत घेऊन, मूठ बेंबीच्या वर आणि छातीच्या हाडाखाली धरून, आत-वर असे झटके दिले. तिसऱ्याला तुकडा बाहेर! अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या 2025 च्या सूचनांतही हाच क्रम आहे: पाच थापा, पाच झटके, आलटून पालटून. गरोदर बाईला झटके पोटावर नाही, छातीवर. झटके दिलेल्या माणसाला नंतर डॉक्टरकडे पाठवायचंच, पोटात इजा झालेली असू शकते.

तेवढ्यात गल्ल्यावरच्यानं 108 लावून पत्ता आणि जवळची खूण सांगितली होती, एक जण गेटवर उभा होता, दोघांनी टेबलं सरकवली होती. ही कामं शिफ्ट सुरू होतानाच वाटून ठेवायची.

हात वर केल्यानं काही सुटत नाही. बोट आंधळेपणानं घातलं तर घास आणखी खाली जातो. तोंडात दिसतोय तेवढाच काढा.

आणि कांदा! माणूस कोसळला, श्वास नाही किंवा नुसते आचके आहेत, तर जमिनीवर उताणं झोपवून छातीच्या मध्यभागी दाब सुरू करा: पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120. हे दाब-श्वास देणं शिकलेला माणूस असेल तर दर 30 दाबांनंतर तोंडात बघून दोन श्वास देईल. ज्याचा श्वासच चालत नाही तो हुंगणार कशानं?

हे सगळं कॅप्टनला पाठवलंय. अंगठा आला. मूळ मेसेज अजून ग्रुपवर तसाच आहे.