फक्त आकडा टाका

आमचं कुपवाड एमआयडीसीत छोटं फॅब्रिकेशनचं शॉप आहे, दोन वेल्डिंग मशीन, एक कटर, पाच माणसं आणि मी. गेली चौदा वर्षं पत्र्याची शेडं मारतोय. लोखंडाला मी कधी घाबरलो नाही पण कोटेशन लिहायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. कारण गिऱ्हाईकाला कोटेशन नकोच असतं हो, त्याला पाहिजे असतो आकडा, तोही व्हॉट्सअ‍ॅपवर, तोही तुम्ही गाडी चालवत असताना.

मागच्या वर्षी अशाच एका पार्टीला मी विश्रामबागेच्या सिग्नलला थांबल्या थांबल्या मेसेज टाकला, "३०×६० शेड, २६० रु फूट, १२ दिवसात देतो." झालं आमचं कोटेशन! सिग्नल सुटायच्या आत पार्टीचा अंगठा आला, आणि मीपण खुश की बघा कसं पटकन काम धरलं, पुढं भडंगाच्या गाडीवर थांबून पाव किलो भडंग घेतलं त्या आनंदात. आता मागं वळून बघितलं तर त्या एका ओळीत किती जागा मोकळ्या सोडल्या होत्या मी, त्यातनं अख्खा ट्रक गेला असता.

पहिलं भांडण फुटावरनं. मी मनात पत्र्याचं माप धरलेलं, म्हणजे चारी बाजूंनी दोन-दोन फूट पत्रा बाहेर काढायचा तर ३४×६४ झाले, २१७६ फूट, उतार धरला तर अजून थोडं वरच. पार्टीनं धरलेलं जमिनीचं माप, ३०×६०, सरळ १८०० फूट. दोघंही आपापल्या जागी बरोबर, कारण मेसेजात 'फूट' एवढंच होतं, कशाचा फूट ते कुणीच लिहिलं नव्हतं. फरक ३७६ फुटांचा, २६० च्या रेटनं ९७,७६० रुपये. पार्टी म्हणाली, "मेसेजात ३०×६० लिहिलंय की वो तुम्हीच, ३४ कुठं लिहिलंय दाखवा." दाखवणार काय, डोंबल? मीच पडतं घेतलं.

मग खड्डे. शेडला १२ कॉलम, प्रत्येकाला अडीच बाय अडीचचा तीन फूट खोल खड्डा, म्हणजे सव्वादोन ब्रास काँक्रीट, वर बेस प्लेटचे बोल्ट लेव्हलला धरायचे. आमच्या लायनीत सगळे समजून असतात की खड्डे आणि काँक्रीट गवंडीकाम, ते मालकाकडं. पण मालक कुठं आमच्या लायनीतला? तो म्हणाला, "शेड म्हणजे उभी राहिलेली शेड ना? का हातात धरून ठिवायची?" आता ह्याला काय उत्तर द्यायचं सांगा. पंधरा दिवस माणसं बसून, कॉलम तयार होऊन शॉपात पडलेले, शेवटी अर्धा खर्च त्यानं अर्धा मी असं मिटलं.

आणि खरा दणका बिल करताना. १८०० गुणिले २६० म्हणजे ४,६८,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी ८४,२४०, एकूण ५,५२,२४० चं बिल मी पाठवलं, आणि पार्टी साईटवरनं थेट घरी आली. "जीएसटी काढला कुठनं? तुम्ही २६० म्हणालता." मी म्हणालो आण्णा, तो वेगळा असतोय, सगळीकडं वेगळाच असतोय. ते म्हणाले, "किराणा दुकानात पुड्यावर २० रुपये लिहिलेलं असतंय तर २० च घेतोय की तो, वर मागतोय का?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. वर त्यांच्या सीएनं सांगितलेलं की शेड जमिनीत पक्की बांधली की तिच्या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही, म्हणजे मी जो 'तुम्हाला परत मिळतोय की' म्हणून गोड बोलणार होतो तो रस्तापण बंद. त्याच्या दृष्टीनं ते ८४ हजार खिशातनंच जाणार होते, मग का नाही भांडणार?

शेवटी ठरलं की ४,६८,००० त सगळं धरा. मी आपलं ४,६८,००० तनं १८ टक्के वजा केले, ३,८३,७६० आले, आणि बिल करायला बसलो तर बेरीज जुळेना. त्यावर १८ टक्के लावले की ४,५२,८३७ च होतात. तासभर डोकं खाजवलं. बायको बी.कॉम. आहे, स्वयंपाकघरातनंच ओरडली, "अहो वजा काय करताय, १.१८ नं भागा." भागलं. ३,९६,६१० बेसिक आणि ७१,३९० टॅक्स. म्हणजे मला वाटत होतं ८४ गेले, तर गेले ७१. त्या रात्री तेवढाच काय तो आनंद. पत्र्याचे ९७ आणि हे ७१ मिळून त्या शेडीत मी राबलो तर फुकटच, वर घरातनं घातले.

तर ह्या पार्श्वभूमीवर गेल्या महिन्यात एक बेदाण्याचे व्यापारी आले, तासगाव रोडला सफाईसाठी ४०×८० ची शेड मारायची म्हणाले, आणि जाताना दारातनं म्हणाले, "फक्त आकडा टाका व्हॉट्सअ‍ॅपला." मी म्हणालो, "आकडा नाही, पत्र पाठवतो." त्यांनी असं बघितलं जसं मी त्यांना कोर्टाची नोटीस पाठवणार आहे.

रात्री जेवून बसलो. मी सांगणार, बायको टाईप करणार. पहिल्या ओळीला कोटेशन नंबर, तारीख. मग काम काय ते. बायकोचा नियम एकच, वाचणाऱ्यानं शेड आयुष्यात बघितलेली नाही असं समजून लिहायचं. त्यामुळं '३२०० चौ. फूट' च्या पुढं 'जमिनीवरील माप, कॉलमच्या बाहेरील कडेपासून बाहेरील कडेपर्यंत, पत्र्याचा बाहेर येणारा भाग याच दरात' असं आलं. म्हणून रेटपण २८० धरला, बाहेरचा पत्रा त्यात मुरवून. पत्रा ०.५० मिमी कलर कोटेड, रंग निळा, कैच्या आणि पर्लिन ट्यूबच्या, एक हात प्रायमर, दोन हात रंग.

ह्यापेक्षा मोठा परिच्छेद झाला 'कामात नसलेल्या गोष्टी' चा. मी हसत होतो की एवढं कोण लिहितंय, पण लिहायला लागलो तसं एकेक जुनं दुखणं वर येत गेलं. खड्डे, काँक्रीट, साईडचा पत्रा, पन्हाळ, शटर, लाईट फिटिंग, जागा सपाट करणं, हे सगळं मालकाकडं. साईटवर थ्री फेज वीज मालकानं द्यायची. हे एकदा लिहिलं नव्हतं तर घरगुती मीटरवर मशीन लावून आख्ख्या वस्तीचे फ्यूज घालवलेले आम्ही, आणि टीव्हीवरची मॅच बुडाली म्हणून लोक काठ्या घेऊन आलेले.

टॅक्सला बायकोनं दरापुढं 'जीएसटी वेगळा' एवढं लिहून सोडू दिलं नाही. "वेगळा म्हणजे किती ते माणसाला दिसू दे." म्हणून खाली पूर्ण हिशोब: काम ८,९६,०००, जीएसटी १८ टक्के १,६१,२८०, आपण द्यायचे एकूण १०,५७,२८०. शेवटचा आकडा ठळक केला तर माझा हात थरथरला, कारण शेजारच्या गल्लीतला फॅब्रिकेशनवाला फक्त वरचाच आकडा सांगणार आणि तो स्वस्त दिसणार. बायको म्हणाली, "बिल करताना भांडण्यापेक्षा आत्ता महाग दिसा."

मुदतीत मी सवयीनं 'दर १० दिवस वैध' म्हणालो. तिनं टाईप केलंच नाही. "कधीपासनं १० दिवस?" खरंय, एक जण दिवाळीआधीचं कोटेशन संक्रांतीला खिशातनं काढून आलेला, घडीवर चहाचा डाग, आणि म्हणाला मला तर कालच घावलं. लोखंडाचा भाव मधल्या काळात कुठल्या कुठं गेलेला, आणि आम्हाला पुरवठादार आठ दिवसांच्या पुढं भाव धरून देत नाही. म्हणून आता दिवस नाही, तारीख. 'हा दर २४ तारखेपर्यंत. तोपर्यंत सही केलेली प्रत आणि अ‍ॅडव्हान्स दोन्ही मिळाल्यास हा दर शेवटपर्यंत बदलणार नाही.' त्यातलं 'दोन्ही' महत्त्वाचं बरं का, नुसतं "तुमचंच काम फिक्स" असं फोनवर सांगून महिनाभर गायब होणारे लय आहेत.

राहिलं पेमेंट. पूर्वी मी लिहायचो, बाकी काम पूर्ण झाल्यावर. पण काम पूर्ण कधी होतं? एका काकांनी फेब्रुवारीत झालेल्या शेडीचे शेवटचे पैसे 'पाऊस पडून बघू गळतंय का' म्हणून जूनपर्यंत ठेवले, जूनात पाऊस लांबला तर त्यालापण मीच जबाबदार. म्हणून आता हप्ते डोळ्याला दिसणाऱ्या गोष्टीला बांधले: ऑर्डरसोबत निम्मे ५,२८,६४०, लोखंड साईटवर उतरल्यावर पण उभारणीआधी ४,२२,९१२, आणि शेवटचा पत्रा बसल्यापासून ७ दिवसांत १,०५,७२८. प्रत्येक हप्त्यात जीएसटी धरलेला, कारण आमच्या सीएनं बजावलंय की ह्या कामात अ‍ॅडव्हान्स आला की त्यावरचा टॅक्सपण भरायला लागतोय, शेवटच्या बिलाची वाट बघायची नाही. आणि गळतीची ओळ वेगळी: पहिल्या पावसाळ्यात गळलं तर फुकट दुरुस्ती. गळतंय बहुतेक वेळा स्क्रूपाशीच, पोरं मशीन जास्त दाबतात आणि स्क्रूखालचा रबरी वॉशर चेपून तिरका होतोय, त्याला दोन तास आणि शंभरभर स्क्रू लागतात. तेवढ्यासाठी लाखभर रुपये अडकवून का घ्यायचे?

दोन पानं झाली. पाठवलं. निळे टिक आले. दोन तासांनी उत्तर आलं: "वाचलं. फायनल किती?"

मी फोन ठेवून शॉपात जाऊन एक गेट घासत बसलो.

पण २४ तारखेला संध्याकाळी पावणेसातला ते स्वतः आले, दोन्ही पानं प्रिंट मारून, आणि निम्म्याचा चेक. म्हणाले, "तीन कोटेशनं होती. बाकीच्या दोघांना विचारलं खड्डे कोण मारणार, जीएसटी धरलाय का, तर ते म्हणाले बघू पुढं. तुमच्यात बघू कुठंच नाही." मग चष्मा लावून कामात नसलेल्या गोष्टींवर बोट ठेवलं. "एक राहिलंय."

माझ्या पोटात गोळा. त्यांनी पेन काढलं, थ्री फेज विजेच्या खाली लिहिलं, 'कामगारांचा चहा दोन वेळा, मालकाकडून. जीएसटी लागू नाही.' आणि खाली सही ठोकली.