चार टक्क्यांची आघाडी आणि तीन टक्क्यांची त्रुटी

निवडणुकीच्या तोंडावर दोन मित्रांची एक छोटी गोष्ट सध्या फार फिरते आहे. ती अशी:

«एका वाहिनीची जनमत चाचणी आली. नमुना 1000 मतदारांचा, पहिला पक्ष 46 टक्के, दुसरा 42 टक्के, त्रुटी अधिक-उणे 3 टक्के. पहिला मित्र म्हणाला, “आघाडी चारची, त्रुटी तीनची. निकाल ठरला!” दुसरा म्हणाला, “अरे, कोट्यवधी मतदार आणि विचारलं हजारांना! याला काय अर्थ?” पहिला हसून म्हणाला, “लाखोंना विचारलं असतं तर हेच उत्तर आलं असतं, अगदी पक्कं. तीन टक्क्यांत सगळ्या चुका धरलेल्या असतात. गणित खोटं बोलत नाही.” दुसरा गप्प झाला.»

दुसऱ्या मित्राने गप्प बसायला नको होते. त्याची शंका चुकीच्या जागी होती हे खरे. पण पहिल्याच्या बोलण्यातले एकही विधान तपासणीला उतरत नाही.

1. “आघाडी चारची, त्रुटी तीनची.”

या चाचणीतली 3 टक्क्यांची त्रुटी एकेका पक्षाच्या मतटक्क्याला लागू आहे, दोन पक्षांमधल्या अंतराला नाही. 1000 जणांच्या निव्वळ यादृच्छिक नमुन्यात ती सुमारे 3.1 येते, आणि तिचा अर्थ असा की अशाच रीतीने पुन्हापुन्हा नमुने घेतले तर शंभरातल्या साधारण 95 नमुन्यांत खरा आकडा त्या पट्ट्यात सापडेल. अंतराची गोष्ट वेगळी आहे, कारण दोन्ही टक्के एकाच नमुन्यातून आलेले असतात. योगायोगाने पहिल्या पक्षाचे 20 मतदार जास्त आणि दुसऱ्याचे 20 कमी सापडले, एवढेच घडले असे समजा. प्रत्यक्षात दोघे 44-44 वर असूनही कागदावर 46-42 दिसेल. दोन्ही आकडे आपापल्या जागी फक्त दोन टक्क्यांनी, म्हणजे जाहीर त्रुटीच्या आतच, सरकले. पण आघाडी चारने बदलली. म्हणूनच दोन मोठ्या पक्षांमधल्या अंतराची त्रुटी एका पक्षाच्या त्रुटीच्या जवळजवळ दुप्पट असते. या उदाहरणात ती सुमारे 5.8 टक्के निघते, आणि तिच्यापुढे चारची आघाडी लहान आहे.

येथे उलट टोकाला जाणेही चूकच आहे. आघाडी त्रुटीच्या आत आहे, म्हणजे दोघे बरोबरीत आहेत, असे बातम्यांत सर्रास सांगितले जाते. तसे होत नाही. आघाडी शून्य असण्यापेक्षा चारच्या आसपास असण्याची शक्यता जास्तच राहते. नमुन्याच्या योगायोगाशिवाय दुसरी कोणतीही चूक नाही असे धरले, तर चाचणीच्या दिवसांत पहिला पक्ष खरोखर पुढे असण्याचा संभव शंभरात 91 च्या जवळपास येतो. हे पारडे चांगलेच झुकलेले आहे, पण निकाल ठरलेला नाही. शिवाय “दुसरी कोणतीही चूक नाही” ही अट फार मोठी आहे. तिच्याकडे तिसऱ्या मुद्द्यात येऊ.

2. “लाखोंना विचारलं असतं तर अगदी पक्कं.”

दुसऱ्या मित्राच्या शंकेचे खरे उत्तर साधे होते. नमुना खरोखर यादृच्छिक असेल, तर मतदारसंख्येने फारसा फरक पडत नाही. एक लाख मतदारांतून 1000 निवडले काय किंवा दहा कोटींतून निवडले काय, त्रुटी 3.1 च्या आसपासच राहते. त्याने विचारायला हवे होते ते हे, की हे हजारजण निवडले कसे.

पहिल्या मित्राने मात्र आकाराला खरेपणाची हमी मानले, आणि हा समज 1936 सालीच मोडला होता. अमेरिकेतल्या लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने त्या वर्षीच्या अध्यक्षीय निवडणुकीआधी सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. त्यांतल्या जवळपास 24 लाख भरून परत आल्या. एवढ्या नमुन्याची सूत्राने काढलेली त्रुटी एक दशांश टक्क्याहूनही कमी भरते. साप्ताहिकाने रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार लँडन जिंकतील असे सांगितले. प्रत्यक्षात तेव्हाचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना सुमारे 61 टक्के मते मिळाली आणि लँडन यांच्या वाट्याला केवळ दोन राज्ये आली. पत्ते मुख्यतः दूरध्वनीच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून घेतलेले होते, म्हणजे मंदीच्या काळात ते सुस्थितीतल्या माणसांकडे झुकलेले होते. त्यातही उत्तर पाठवण्याची तसदी घेणारे आणि न घेणारे यांचा कल सारखा नव्हता. त्याच निवडणुकीत जनमत चाचण्या घेणारे जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी लहान नमुन्यावरून रूझवेल्ट यांचा विजय बरोबर सांगितला. नमुना वाढवला की योगायोगाची त्रुटी घटते. निवडीतला झुकाव जसाच्या तसा राहतो, फक्त तो अधिक ठामपणे मांडला जातो.

3. “तीन टक्क्यांत सगळ्या चुका धरलेल्या असतात.”

सर्वांत घातक विधान हेच आहे. जाहीर होणारी त्रुटी फक्त नमुना निवडण्यातल्या योगायोगाचे माप असते. फोन न उचलणारे, उत्तर टाळणारे, “मतदान करणार” असे सांगून घरी बसणारे, यांतले कोणीही त्या आकड्यात मोजलेले नसते.

अशा चुका भरून काढण्यासाठी कमी सापडलेल्या गटाच्या उत्तरांना जास्त वजन देतात, त्या भारांकनाचेच पाहा. मतदारांत तिशीच्या आतले 20 टक्के आहेत, पण हजारांच्या नमुन्यात ते 100 च सापडले, असे समजा. मग त्यांच्या प्रत्येक उत्तराला दुप्पट वजन द्यावे लागते. झुकाव काही प्रमाणात दुरुस्त होतो, पण त्या 100 जणांतला योगायोगही दुप्पट वजनाने मोजला जातो. वय, शिक्षण, प्रदेश अशी वजने एकावर एक चढली की 1000 चा नमुना प्रत्यक्षात 670 जणांएवढाच उपयोगी ठरू शकतो, आणि तेव्हा खरी त्रुटी 3.8 च्या आसपास जाते. वृत्तात मात्र बहुतेकदा 3 च छापलेले असते.

याच चाचणीत 46 आणि 42 मिळून 88 होतात. उरलेल्या 12 टक्क्यांबद्दल गोष्टीत अवाक्षर नाही. त्यांतले 6 टक्के कुंपणावरचे असतील आणि शेवटच्या आठवड्यात त्यांतले 5 टक्के दुसऱ्या पक्षाकडे व 1 टक्का पहिल्याकडे वळले, तर 47-47 होते. चाचणीत एकही चूक नसताना आघाडी संपते.

या सगळ्याचा एकत्रित परिणाम किती, हे अमेरिकेतल्या 608 निवडणुकांआधीच्या 4,221 चाचण्या प्रत्यक्ष निकालांशी ताडून पाहणाऱ्या, 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजले गेले. सरासरी चूक साडेतीन टक्क्यांच्या आसपास निघाली, म्हणजे जाहीर त्रुटीवरून जेवढी अपेक्षा करावी त्याच्या साधारण दुप्पट. तेच प्रमाण आपल्या उदाहरणाला लावले, तर पहिला पक्ष पुढे असण्याचा वर काढलेला 91 चा संभव 75 वर येतो. चारांत एकदा उलटा निकाल लागेल अशा स्थितीला “ठरला” म्हणणे, मला तरी बेजबाबदारपणाचे वाटते.

पहिल्या मित्राकडे एक शेवटचा बचाव उरतो, तो म्हणजे इतर चाचण्याही हेच सांगत असतील तर काय. पाच स्वतंत्र चाचण्यांची सरासरी काढली की योगायोगाची त्रुटी निम्म्याहून खाली येते, आणि हा फायदा खरा आहे. पण त्या पाचही संस्थांना फोनवर तीच माणसे भेटत असतील आणि तीच भेटत नसतील, तर त्यांची चूक एकाच बाजूला पडते. सरासरीने ती घटत नाही, आणि पाचांचे आकडे एकमेकांशी जुळतात म्हणून ती कोणाच्या लक्षातही येत नाही.