१३४ कबुलीजबाबांचं काय करायचं? टेम्पलर लेखावरच्या कमेंटला उत्तर

माझा लेख टेम्पलर या लढाऊ ख्रिस्ती संन्याशांच्या संघटनेवर फ्रान्सच्या राजाने केलेल्या कारवाईबद्दल होता. वाचकाची कमेंट: "लेख एकतर्फी वाटला. पॅरिसमधे १३८ टेम्पलरांपैकी १३४ जणांनी गुन्हा कबूल केला, त्यांच्या प्रमुखानेसुद्धा. एवढे सगळे खोटं बोलत होते का? आणि राजाला पैसाच हवा होता म्हणता, मग जमीनजुमला शेवटी हॉस्पिटलर संघटनेला कसा गेला? आगीशिवाय धूर निघत नाही."

नमस्कार, कमेंट दोनदा वाचली, थोडं सविस्तरच लिहिते कारण तुमचा एक मुद्दा मला पटलाय आणि एक अजिबात पटलेला नाही.

आकडा बरोबर आहे, त्यावर वाद नाही. पण हे कबुलीजबाब कसे आले ते बघा. १४ सप्टेंबर १३०७ ला फ्रान्सचा राजा फिलिप चौथा याने गुपचूप हुकूम पाठवले, महिनाभर कुणाला पत्ता लागला नाही, आणि १३ ऑक्टोबरला पहाटे फ्रान्सभर एकदम धरपकड झाली. आदल्याच दिवशी टेम्पलरांचा प्रमुख जाक द मोले राजाच्या भावजयीच्या अंत्यविधीला मानाने हजर होता. आता हुकुमात काय लिहिलं होतं, तर आधी राजाच्या अधिकाऱ्यांनी चौकशी करायची, मग इन्क्विझिशन म्हणजे पाखंड शोधणाऱ्या चर्चच्या न्यायालयाच्या लोकांना बोलवायचं, गरज पडली तर छळ करायचा, आणि कैद्याला सांगायचं की कबूल केलंस तर माफी, नाही केलंस तर मरण. म्हणजे संघटनेत घेताना ख्रिस्ताला नाकारायला लावतात, क्रॉसवर थुंकायला लावतात, मूर्तीची पूजा करतात, हे आरोप आधीच तयार होते, कैद्याने फक्त हो म्हणायचं होतं. त्यातूनही चौघांनी नाही म्हटलं याचंच मला जास्त आश्चर्य वाटतं.

छळाचं मी बोलतेय ते अंदाजाने नाही, कैद्यांनी स्वतः सांगितलेलं आहे. नोव्हेंबर १३०९ मधे पोपने नेमलेल्या आयोगापुढे पोन्सार द जिझी नावाचा टेम्पलर उभा राहिला. त्याने सांगितलं की माझे हात पाठीमागे इतके आवळून बांधले की रक्त नखांपर्यंत आलं आणि तसंच मला खड्ड्यात ठेवलं. पुढे तो म्हणाला की डोकं उडवणार असाल, जाळणार असाल, तर संघटनेसाठी मी सहन करीन कारण ते थोड्या वेळात संपतं, पण हा लांबत जाणारा छळ मला परत सोसवणार नाही. बर्नार नावाच्या एका पाद्र्याचे तळपाय इतके भाजले होते की नंतर पायाची हाडं गळून पडली, ती हाडं त्याने आयोगाला दाखवली.

तुम्ही म्हणाल की मग छळ थांबल्यावर जबाब मागे घ्यायचे होते. घेतले ना! आणि खरी गोष्ट इथेच आहे, माझ्या लेखात ती घाईत दोन ओळीत उरकली गेली ती माझी चूक. त्या काळच्या चर्चच्या कायद्यात पाखंड कबूल करून पश्चात्ताप दाखवणाऱ्याला चर्च प्रायश्चित्त देऊन परत पदरात घ्यायचं, पण कबुली दिल्यावर जो ती फिरवेल तो पाखंडात परत पडलेला धरायचे आणि अशा माणसाला माफी नव्हती, चर्च त्याला राजाच्या हवाली करायचं आणि राजाचे लोक जाळायचे. म्हणजे एकदा छळाखाली हो म्हटलं की नंतर खरं बोलणं हाच मरणाचा गुन्हा.

तरीही १३१० च्या वसंतात जवळजवळ ६०० टेम्पलर पॅरिसमधे संघटनेचा बचाव करायला तयार झाले. पिएर द बोलोन्य नावाचा त्यांच्यातला पाद्री कायदा जाणणारा होता, तो आणि अजून तिघे सगळ्यांच्या वतीने बोलायला लागले आणि आयोगापुढे केस पलटते की काय असं दिसायला लागलं. पण पोपने दोन चौकश्या लावल्या होत्या, संपूर्ण संघटनेची आयोगाकडे आणि एकेका माणसाची त्या त्या प्रांताच्या आर्चबिशपकडे. पॅरिस तेव्हा सांसच्या आर्चबिशपखाली येत होतं आणि तिथे नुकताच बसला होता फिलिप द मारिन्यी, राजाच्या खास मंत्र्याचा भाऊ. त्याने आयोगाची वाट न बघता आपली धर्मसभा भरवली, जबाब फिरवणाऱ्यांना दोषी ठरवलं आणि १२ मे १३१० ला ५४ जणांना गाड्यांत घालून पॅरिसच्या बाहेर नेऊन जिवंत जाळलं.

दुसऱ्या दिवशी आयोगापुढे एमेरी नावाचा पन्नाशीचा टेम्पलर आला, भीतीने पांढराफटक पडलेला. तो म्हणाला की हे आरोप खोटे आहेत, पण काल त्या गाड्या जाताना मी पाहिल्या, मला जाळायची भीती दाखवली तर मी काहीही कबूल करीन, देवाला मीच मारलं असंसुद्धा म्हणीन, आणि हे माझं बोलणं राजाच्या माणसांना कळू देऊ नका अशी त्याने हात जोडून विनवणी केली. त्यानंतर बचाव कोसळलाच, पिएर द बोलोन्य कैदेतून गायब झाला तो परत दिसला नाही. ह्या माणसाचा कबुलीजबाब तुम्ही कुठल्या आकड्यात धराल?

आता फ्रान्सच्या बाहेर बघा. सायप्रसमधे ७६ टेम्पलरांची चौकशी झाली, एकानेही कबूल केलं नाही, आणि बाहेरचे साक्षीदार त्यांच्या बाजूने बोलले. इंग्लंडमधे सुरुवातीला छळाची मुभा नव्हती तेव्हा इन्क्विझिशनवाल्यांच्या हाती काही लागेना, छळाची परवानगी मिळाल्यावर १३११ मधे मोजके कबुलीजबाब आले. आरागॉनमधे १३१२ ला निर्दोष ठरले. संघटना एक, दीक्षेचे नियम एक, मग पाखंड मुख्यतः छळ झाला तिथेच कसं सापडतं?

धुराबद्दल मात्र एक मान्य करते. पोपच्या तीन कार्डिनलांनी ऑगस्ट १३०८ मधे शिनॉनच्या किल्ल्यात द मोले आणि बाकी वरिष्ठांचे जबाब घेतले, तिथेही ख्रिस्ताला तोंडदेखलं नाकारल्याची कबुली येते, कार्डिनलांनी प्रायश्चित्त घ्यायला लावून त्यांना चर्चमधे परत घेतलं. काही इतिहासकारांना वाटतं की नवीन माणूस किती आज्ञाधारक आहे हे बघायला काही ठिकाणी असा आडदांड प्रकार चालत असेल, मला ते अशक्य वाटत नाही. पण तो पाखंडाचा पंथ नव्हे आणि मूर्तीपूजा तर नव्हेच.

पैशाचा मुद्दा तुमचा बरोबर आहे, मी फार सोपं करून लिहिलं होतं. मे १३१२ मधे पोपने मालमत्ता हॉस्पिटलरांना, म्हणजे तशाच दुसऱ्या लढाऊ ख्रिस्ती संघटनेला दिली हे खरं. पण १३०७ पासून तोपर्यंत फ्रान्समधलं उत्पन्न राजाच्या माणसांच्या हातात होतं, आणि टेम्पलरांकडे आपलं येणं होतं असं सांगून राजाने हॉस्पिटलरांकडून २ लाख लिव्हर, म्हणजे तेव्हाच्या फ्रेंच चलनातली मोठी रक्कम, कबूल करून घेतले. तरी सगळं पैशाने उलगडत नाही. फिलिप स्वतःला धर्माचा रक्षक समजायचा, आणि आधीच्या काळातला पोप बोनिफेस याच्याशी भांडण झाल्यामुळे बोनिफेस मेल्यावरसुद्धा त्याच्यावर पाखंडाचा खटला चालवा म्हणून तेव्हाचा पोप क्लेमेंट पाचवा याच्या मागे लागला होता. त्या दबावाखाली क्लेमेंट वाकत गेला. व्हिएन्नच्या धर्मपरिषदेत बहुतेकांचं मत होतं की टेम्पलरांना बचाव मांडू द्यावा, पण २० मार्च १३१२ ला राजा फौजफाटा घेऊन तिथे हजर झाला आणि २२ तारखेला पोपने संघटना बरखास्त केली. दोषी ठरवून नाही, फक्त आपल्या अधिकारात. निकाल असा कधी लागलाच नाही.

लेखातलं "राजाला पैसे हवे होते" हे वाक्य आज बदलतेय, आणि १२ मेचा भाग पूर्ण लिहून टाकतेय.