नोकरी सोडली म्हणून बोनस बुडत नाही

दिवाळी जवळ आली की भोसरी-चाकणकडून हमखास एक प्रश्न येतो: "साहेब, मी जुलैत काम सोडलं, मालक म्हणतो हजेरीवर असलेल्यांनाच बोनस." पगारपत्रकं करण्यातच माझी नोकरीची सगळी वर्षं गेली, म्हणून स्पष्ट सांगतो. असा नियम कायद्यात कुठेही नाही.

1965 च्या बोनस कायद्याने घालून दिलेल्या, आणि नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी लागू झालेल्या 2019 च्या वेतन संहितेत आलेल्या नियमांनुसार, आस्थापनेत वीस किंवा जास्त माणसं असतील, तुमचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून सरकारने ठरवलेल्या मर्यादेच्या, 1965 च्या कायद्यात शेवटी 21,000 च्या, आत असेल आणि त्या आर्थिक वर्षात तुम्ही किमान 30 दिवस काम केलं असेल, तर निदान 8.33 टक्के बोनस तुमचा हक्क आहे. मालकाला तोटा झाला तरी. (नवीन उद्योगाला सुरुवातीची पाच वर्षं सवलत असते, नफा झाला त्याच वर्षाचा बोनस द्यावा लागतो.)

आता हा जुलैत गेलेला लेथवरचा मुलगा घ्या. त्याला त्याच्या कामाचं किमान वेतन, म्हणजे 14,000 मिळायचे. दिवाळीत वाटतात तो बोनस 31 मार्चला संपलेल्या वर्षाचा असतो, आणि ते वर्ष त्याने पूर्ण भरलंय. बारा महिन्यांचे 1,68,000, त्यावर 8.33 टक्के म्हणजे जवळपास 13,994 रुपये. मालक 6,997 हातावर ठेवू पाहतो, कारण हिशोब 7,000 वर धरतो. पण 2015 च्या दुरुस्तीने 7,000 किंवा किमान वेतन, यातलं जे जास्त ते धरायचं ठरलंय. निम्मी रक्कम इथेच गायब होते, आणि स्लिप कुणी तपासत नाही याचं मला फार वाईट वाटतं. शिवाय एप्रिल ते जुलैचा बोनस वेगळा, तो पुढच्या वर्षी.

मग बोनस नाकारता येतो कधी? फसवणूक, कामाच्या जागी दंगा किंवा मारहाण, चोरी, अफरातफर, मालमत्तेची मुद्दाम नासधूस, यापैकी कारणावरून बडतर्फ केलं असेल तरच. 2019 च्या वेतन संहितेत लैंगिक छळाबद्दल दोषी ठरण्याची भर पडली, आणि ती योग्यच आहे. नुसता संशय किंवा "गेला तो चोर होता" असं मागाहून म्हणणं चालत नाही. आरोपपत्र, चौकशी, बडतर्फीचा आदेश दाखवा. सारख्या दांड्या मारतो म्हणून काढलं, तरीही बोनस द्यावाच लागतो.

गैरवर्तनाने खरंच आर्थिक नुकसान झालं असेल, तर तेवढी रक्कम त्याच वर्षाच्या बोनसमधून कापता येते, उरलेली द्यायची. हातून चुकून एखादा पार्ट रिजेक्ट झाला, याला मी तरी गैरवर्तन म्हणणार नाही.

मार्चअखेर वर्ष असेल तर मुदत 30 नोव्हेंबर. तोवर "पूर्ण हिशोब मिळाला" या कागदावर सही करण्याआधी त्यात बोनसची ओळ आहे का ते बघा. नसेल तर लेखी मागा, पोच घ्या, आणि पगाराच्या स्लिपा, राजीनाम्याची प्रत घेऊन पुण्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज द्या.