परदेशातून: लॉकरमधल्या पाटल्या

“दागिने मी घडवले, पावत्या माझ्या नावावर. मग व्याह्यांकडे ते मागायला पोरीची सही कशाला लागते?” – आप्पामामा, सांगली

कारण मामा, ते आता तुमचे राहिले नाहीत. लेकीच्या अंगावर घातलेत त्या दिवसापासून ते तिचे, आणि तिच्या एकटीचे. जावयाचे नाहीत, विहीणबाईंचे नाहीत, तसे तुमचेही नाहीत. तेलंगणातल्या एका बापाला 2024 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं हेच ऐकवलं. लेकीचं लग्न 1999 चं, ती अमेरिकेत आली, 2016 मध्ये मिझुरीत घटस्फोट झाला, पुढे दुसरं लग्नही झालं. वडिलांनी 2021 मध्ये जुन्या सासू-सासऱ्यांवर दागिन्यांसाठी गुन्हा नोंदवला. न्यायालयानं तो रद्द केला. मुलगी जाणती, स्वतः ठरवायला समर्थ; तिनं अधिकार दिलेला नसताना बापानं मागायचं कारण नाही, असं म्हटलं.

या निकालातली दुसरी गोष्ट इथल्या, अमेरिकेतल्या मुलींनी जास्त ध्यानात ठेवावी. मिझुरीतल्या घटस्फोटात मालमत्तेची वाटणी लिहून, सह्या करून मिटलेली होती आणि न्यायालयानं तीही मोजली. इथल्या करारात ‘आता परस्परांकडे काही येणं नाही’ अशा अर्थाचं वाक्य असतं. सही करताना डोळ्यापुढे घर, गाडी, निवृत्तीचा फंड असतो. सांगलीचं लॉकर कोणाच्या मनातही येत नाही. मामांच्या लेकीला, माझ्या मामेबहिणीला, मी एवढंच सांगितलं: सही करण्याआधी त्या कागदात लॉकरचं नाव घाल.

आमचे शेजारी म्हणतात, कॅलिफोर्नियासारखं भारतातही निम्मं-निम्मं करा, स्त्रीधनाची भानगडच संपेल. अर्धं पटतं. संसारात दोघांनी कमावलेल्यात बायकोचा निम्मा वाटा इथे धरलेला असतो, भारतात गोवा सोडला तर नाही. म्हणून तिथे वीस तोळ्यांवर सगळा जीव अडकतो. पण भेट मिळालेली वस्तू इथेही ज्याची त्याचीच असते, निम्मी होत नाही, आणि ती मिळाली होती हे इथेही दाखवावंच लागतं. शिवाय इथल्या न्यायाधीशाचा कागद सांगलीच्या बँकेत नेला म्हणून मॅनेजर लॉकर उघडून देणार नाही.

शेजाऱ्यांचा दुसरा सल्ला, “चारशे अठ्ठ्याण्णव टाका, धावत आणून देतील.” ते जुन्या दंड संहितेतलं कलम, आणि तेही छळाचं. दागिने दाबून ठेवणं हा विश्वासघाताचा वेगळा गुन्हा. त्यात पोलिसांनी दागिने जप्त केले तरी ते आधी मुद्देमाल होतात, आणि कोर्टाकडून सोडवून घ्यावे लागतात.

पुण्यात वकिली करणारी माझी मैत्रीण दुसरी वाट धरते. कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्याखाली मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायचा. पहिली मागणी परत देण्याची नाही, तर लॉकर कोणी हलवू नये या अंतरिम आदेशाची. परत देण्याचा आदेश नंतर. हा अर्ज बाईच्या वतीनं दुसऱ्यालाही करता येतो. म्हणजे मामा, तुम्हीच करा, पण तिच्या मुखत्यारपत्रावर. ते ती इथल्या भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित करून पाठवते आहे. हातात पडल्यापासून 3 महिन्यांच्या आत तिथे मुद्रांक लावून घ्या.

मामी फोनवर मध्येच म्हणाल्या, “माझे बिलवर सासूबाईंनी वन्संच्या लग्नात मोडले, मी कुठे गेले कोर्टात?” गेला असतात तर चाललं असतं. सासरी नेलेलं सगळं सामाईक होतं, हा समज सर्वोच्च न्यायालयानं 1985 मध्येच मोडीत काढला. नवऱ्याला अडचणीत ते वापरता येतं, पण परत करावं लागतं.

अडतं ते पुराव्याशी. वधूवरांना मिळालेल्या भेटींची, देणाऱ्याच्या नावासकट, दोघांच्या सहीची यादी करावी असा 1985 पासूनचा नियम आहे. आपल्याकडे आहेराची वही असते, त्यात पाकिटं आणि साड्या. पाटल्यांची नोंद नसते, कारण घरच्यांनी घातलेलं लिहायचं कसलं? आम्ही यादी उलटी बांधली. सराफाच्या पावत्यांवरून वजन, लग्नाच्या अल्बममधून कोणता दागिना अंगावर होता ते, आणि मामेबहिणीच्या सासूबाईंचा 2019 मधला व्हॉट्सॅप मेसेज: “पाटल्या, तोडे, मोहनमाळ लॉकरला ठेवली गं, काळजी करू नको.” मैत्रीण म्हणाली, पावतीवरून विकत घेतल्याचं कळतं, दागिने त्यांच्या ताब्यात गेले ते या एका ओळीत आहे.

वकिलाच्या नोटिशीला उत्तर आलंय. तीन दागिने कबूल. ठुशी मात्र “घरची, फक्त वापरायला दिली होती.” सासरच्यांनी सुनेला दिलेलं तेही स्त्रीधनच, पण दिलं की वापरायला दिलं, यावर मैत्रीणही ठाम बोलत नाही. अल्बममध्ये सासूबाई स्वतःच्या हातानं ती ठुशी बांधताहेत. मामा, तो फोटो मूळ निगेटिव्हसकट, नाहीतर फोटोग्राफरकडच्या फाइलसकट मिळवा.